हिमोग्लोबिन नॉर्मल, तरी धाप का लागते?

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनचा सराव रंगात आला की आमच्या बाह्यरुग्ण विभागात धावणाऱ्या बायका दिसू लागतात. हातात रक्ताचा रिपोर्ट असतो, हिमोग्लोबिन नॉर्मल असते आणि तरी पाय जड झालेले असतात.

अलीकडेच छत्तीस वर्षांच्या एक शाकाहारी शिक्षिका आल्या होत्या. दहा किलोमीटरला त्यांना पूर्वी ६२ मिनिटे लागत, आता तेवढीच मेहनत करून ६८ लागत होती. जिना चढताना धडधड, केस गळणे आणि बर्फ चघळण्याची विचित्र इच्छा. हिमोग्लोबिन १२.३, म्हणून त्यांना विश्रांतीचा सल्ला मिळाला होता. फेरिटिन तपासले, ते निघाले ९.

फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहाची कोठी. आधी कोठी रिकामी होते आणि हिमोग्लोबिन सर्वांत शेवटी घसरते. त्यामुळे धावणाऱ्या स्त्रियांची नुसती हिमोग्लोबिनची तपासणी मला अर्धवट वाटते. पाळीत लोह जातेच, शिवाय थोडे घामातून आणि आतड्यातून जाते. त्यात लांब पल्ला धावल्यावर काही तास यकृतातून हेप्सिडिन नावाचे संप्रेरक वाढते आणि अन्नातल्या लोहाची वाट अडवते. म्हणून लोहाचे जेवण धावण्याआधी किंवा धावून आल्यावर अर्ध्या तासात घ्यावे. तीन ते सहा तासांनी ही अडवणूक सर्वांत जास्त असते.

पालकाचा लौकिक मोठा, पण त्यातले लोह अंगी फारसे लागत नाही. त्यापेक्षा हळीव बरे. चमचाभर पाण्यात भिजवून, लिंबू पिळून घ्यावे. दुधातली खीर चविष्ट खरी, पण दुधातले कॅल्शियम लोहाला आडवे येते. मोड आलेली मटकी, चवळी, बाजरीची भाकरी हे रोजचे अन्नही चालते, मात्र सोबत लिंबू, आवळा किंवा पेरू हवा. आणि चहा? जेवणाच्या आगेमागे तासभर नको. आपल्याकडे हे पाळणे सर्वांत कठीण जाते!

कोठी एवढी रिकामी असली तर केवळ आहाराने भरत नाही. या बाईंना मी एक दिवसाआड गोळी दिली, कारण रोज घेतलेल्या गोळीने हेप्सिडिन वाढते आणि पुढच्या गोळीतले लोह कमी शोषले जाते. तीन महिन्यांनी फेरिटिन ३४ झाले.

तपासणी मात्र लांब धावल्याच्या दुसऱ्या दिवशी किंवा ताप असताना करू नये, कारण तेव्हा आकडा खोटा वर दिसतो. तपासल्याशिवाय गोळ्याही सुरू करू नयेत. थॅलेसेमिया मायनरमध्ये हिमोग्लोबिन कमी असले तरी लोह पुरेसे असू शकते. आणि पुरुषाचे किंवा पाळी गेलेल्या स्त्रीचे फेरिटिन कमी आले, तर दोष धावण्यावर ढकलण्याआधी पोटात कुठे रक्तस्राव होत नाही ना, हे पाहावेच लागते.