सुजलेल्या हातातली बांगडी आधी काढा, हळद मग लावा

आम्ही नर्स म्हणून नोकरीत होतो, तेव्हाची ही गोष्ट. श्रावणातला पाऊस, घराच्या पायऱ्या जांभ्या दगडाच्या आणि त्यावर शेवाळ. सकाळी पाणी भरताना एक काकू घसरल्या आणि उजव्या तळव्यावर पडल्या. हातात चार काचेच्या बांगड्या आणि एक सोन्याची पाटली होती. घरच्यांनी हळद गरम करून लेप लावला, वर फडकं बांधलं. दुपारपर्यंत मनगट फुगलं, संध्याकाळी त्या आमच्याकडे आल्या तेव्हा पाटली मांसात रुतली होती. बोटं गार पडली होती, अंगठ्याला मुंग्या येत होत्या.

डॉक्टर म्हणाले, पाटली कापावी लागेल. नणंद म्हणाली, "थोडं थांबा, सूज उतरेल. दोनदा गहाण ठेवून सोडवलेली पाटली आहे." सासूबाईंना वेगळीच काळजी, नवरा मुंबईला कामावर असताना सवाष्णीच्या हातातल्या बांगड्या फोडायच्या कशा? या बोलण्यात पाऊण तास गेला.

शेवटी पाटली दोन ठिकाणी कापली. हाड मोडलं होतं, ते दीड महिन्यात जुळलं. पाटली सोनाराने जोडून दिली. पण अंगठ्याच्या मागच्या बाजूचा बधिरपणा जायला आणखी दोन महिने लागले. आमचं म्हणणं या एका गोष्टीत आलं. सोनं जोडता येतं, काच चार पैशांची असते, पण दबलेली नस परत पहिल्यासारखी होईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

असं का होतं? मनगटापाशी मांस कमी असतं. अंगठ्याच्या बाजूची नस हाडाच्या वर, कातडीच्या अगदी खालून जाते. तळव्याच्या बाजूला नाडी, स्नायूंच्या दोऱ्या आणि अंगठा, तर्जनी व मधल्या बोटाची नस असते. बांगडी ताणली जात नाही. आतून सूज वाढते, बाहेर कडं घट्ट. आधी परत जाणारं रक्त अडतं, त्यामुळे हात आणखी सुजतो आणि बांगडी आणखी रुतते. मोडलेल्या हाताची सूज दोन-तीन दिवस वाढत राहते. म्हणून आज सैल असलेली बांगडी उद्या अडकते. पडल्याबरोबर, रिक्षा बोलावण्याआधी, दोन्ही हातांतलं सगळं काढून ठेवावं. अंगठ्यासुद्धा.

अडकलीच तर आधी बोटं बघा. नख दाबून सोडा, दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. बोटं निळी, पांढरी किंवा गार असतील, मुंग्या येत असतील, बोट हलत नसेल, तर घरी प्रयोग करू नका. हात उंच धरून सरळ दवाखाना गाठा, वाहन नसेल तर १०८ ला फोन करा.

बोटं गरम आहेत, हाड मोडल्याची शंका नाही, नुसतीच सूज आहे, तर घरी प्रयत्न करायला हरकत नाही. प्रथम पाटलीला किंवा तोड्याला पेच आहे का बघा. घाईत तो कोणाच्या लक्षात येत नाही. नसेल तर हात छातीच्या वर धरून दहा-पंधरा मिनिटं बसा, वर गार पाण्याचं फडकं ठेवा. मग हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून तिचं तोंड बांगडीच्या खालून मागे ओढून घ्या. पिशवीवर साबणाचं पाणी किंवा खोबरेल लावा. कासार बांगडी भरताना करतो तसा अंगठा तळव्यात दुमडा, बोटांच्या मुळाची हाडं एकत्र दाबा आणि बांगडी फिरवत फिरवत पुढे आणा. एकदम ओढू नका. सुजलेली कातडी पातळ झालेली असते, ती सोलली जाते. दोन-तीनदा करून जमलं नाही तर थांबा, कारण चोळल्याने सूज वाढतेच.

मनगट वाकडं दिसतंय, हाडावर बोट ठेवलं तरी कळ येते, तळवा उलटा-सुलटा करता येत नाही, तर हाड मोडलंय असं धरून चाला. मग हात दाबायचा नाही. हाताखाली पुठ्ठा किंवा घडी केलेलं वर्तमानपत्र ठेवून आधार द्या आणि बांगडी कापायलाच घ्या.

काचेची बांगडी दगडाने किंवा भिंतीवर आपटून फोडू नका. तुकडा तळव्याच्या बाजूला घुसला तर नाडी कापली जाते. बांगडी आणि कातडी यांच्यामध्ये फडक्याची पट्टी सरकवा. वरूनही फडकं गुंडाळा, डोळे झाका, आणि मनगटाच्या मागच्या बाजूला, मधोमध, पक्कडीने दाबा. बांगडी चटकन तुटते. दुसऱ्या ठिकाणीही तशीच तोडा. मग हात न चोळता वाहत्या पाण्याखाली धरा. खाली पट्टी जाण्याइतकीही जागा नसेल तर हे काम दवाखान्याचं.

धातूची बांगडीही अशीच मागच्या बाजूने कापतात. तिच्याखाली चमच्याचा दांडा सरकवायचा, म्हणजे करवत कातडीला लागत नाही. सोनं मऊ असतं, एका ठिकाणी कापूनही ते फाकवता येतं. स्टीलचं कडं फाकत नाही, त्याला समोरासमोर दोन काप लागतात आणि कापताना धातू तापतो, म्हणून वर पाण्याची धार लागते. वेल्डिंगच्या दुकानात ग्राइंडरखाली हात धरायला कोणी नेऊ नये. भाजलेले हात आम्ही पाहिले आहेत.

आपल्या जिल्ह्यात फुरसं फार. ते हाताला चावलं तर बांगड्या त्याच क्षणी, सूज यायच्या आधी उतरवा. दोरी आवळू नका, क्रेप बँडेज गुंडाळू नका, चोळू नका. फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. अशा हाताला काचेची लहानशी चीरही वाहत राहते. म्हणून बांगडी आधीच अडकली असेल तर घरी फोडत बसू नका. हात न हलवता, प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयात लगेच न्या आणि बांगडी तिथे कापून घ्या.

आता सासूबाईंच्या काळजीबद्दल. आपण बांगडी "फुटली" म्हणत नाही, "वाढवली" म्हणतो. शब्दसुद्धा भीतीने बदललेला. दीक्षा घेतली, घरातले देव गेले, पण ही भीती मनगटात राहिली. बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला आपल्या आज्या-पणज्यांना सांगितलं होतं की हातातल्या त्या जड गोट-पाटल्या आणि गळ्यातल्या गळसऱ्या टाका, त्या तुमच्या खालच्या पायरीची खूण आहेत. आज्यांनी त्या उतरवल्या, आणि कोणाचं काही बिघडलं नाही. बांगडी हौसेने घाला, आम्हीही घालतो. पण तिच्यात नवऱ्याचं आयुष्य नाही, तिच्याखाली तुमची नस आहे.

आमची एक मागणी आहे. प्रत्येक विहारातल्या प्रथमोपचार पेटीत एक चांगली पक्कड, फडक्याच्या पट्ट्या आणि साबण ठेवा आणि महिला मंडळातल्या दोघींनी हे काम शिकून घ्या. बांगडी निघाल्यावरही बोटं पुन्हा तपासा. एका दिवसानंतर बधिरपणा राहिला किंवा मूठ कमजोर वाटली तर डॉक्टरांना दाखवा. आणि प्लास्टर घालायच्या आधी तुम्हीच विचारा, आत काही राहिलं नाही ना?