प्लॉटच्या हप्त्याआधी

मिरजेच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. शौहर गॅरेज चालवतात, वय 38. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सहा वर्षांचा. सासरे हयात नाहीत, सासूबाई घरातच असतात आणि त्यांना बीपी-शुगर आहे. महिन्याला पंचेचाळीस हजार येतात, तीस हजार घरात जातात आणि उरलेले पंधरा हजार दुसऱ्या प्लॉटच्या हप्त्याला. विमा एकही नाही. "ज्यात पैसे परतच मिळत नाहीत ते कशाला घ्यायचे, आणि जायज तरी आहे का?" असे शौहर म्हणतात.

दुसरा प्रश्न आधी घेते. मी मुफ्ती नाही, त्यामुळे फतवा माझ्याकडे मागू नये. माहिती तेवढी देते. जेद्दाच्या फिकह अकादमीने 1985 साली ठरलेल्या हप्त्याचा व्यापारी विमा नाजायज ठरवला आणि पर्याय म्हणून सहकारी पद्धतीचा विमा, म्हणजे तकाफुल, सुचवला. आपल्या देशात तकाफुलचा स्वतंत्र परवाना असलेली कंपनी नाही. इथल्या परिस्थितीत काय करावे यावर उलमांची मते वेगवेगळी आहेत. आपल्या मुफ्तीसाहेबांकडे जाताना एक फरक मात्र स्पष्ट करून विचारा. एजंट ज्याला "बचत" म्हणतो त्या पॉलिसीत आपले पैसे व्याजाच्या रोख्यांत गुंतवून बोनससह परत देतात. निव्वळ टर्म पॉलिसीत परत काहीच येत नाही. मुदतीत मृत्यू झाला तरच वारसांना रक्कम मिळते. म्हणून "विमा जायज आहे का" एवढेच विचारले, तर उत्तर कोणत्या पॉलिसीबद्दल आले हे कळणारच नाही.

आता शौहरांचा मुद्दा. पैसे परत मिळत नाहीत म्हणूनच टर्म पॉलिसी स्वस्त असते. "हप्ते परत" देणारा प्रकारही विकतात, पण त्याचा हप्ता बराच जास्त असतो आणि वीस वर्षांनी तेवढेच रुपये परत मिळतात, तोवर त्यांची किंमत घटलेली असते.

रक्कम किती घ्यावी याचा हिशोब घरी बसून करता येतो. तीस हजारांतला शौहरांचा स्वतःचा खर्च पाच हजार धरा. मग घराला महिना पंचवीस हजार लागतील, म्हणजे वर्षाला तीन लाख. मुलगा कमावता होईपर्यंत, समजा बावीसाव्या वर्षापर्यंत, सोळा वर्षे आहेत. तीन गुणिले सोळा, अठ्ठेचाळीस लाख. गॅरेजच्या सामानाचे कर्ज सहा लाख आणि दोघांच्या पुढच्या शिक्षणाचे दहा लाख मिळवले की चौसष्ट होतात. पहिला प्लॉट विकून दहा लाख येतील असे पत्रात आहे, ते वजा केले की चोपन्न उरतात.

इथे आपल्या घरांचा एक वेगळा मुद्दा आहे आणि तो एजंट सांगत नाही. त्याचा तक्ता असे धरून चालतो की विधवा बाई आलेली रक्कम एफडीत ठेवेल आणि व्याजावर घर चालवेल. ज्या घरात व्याज घेत नाहीत तिथे ती रक्कम वाढत नाही, महागाई मात्र वाढतच राहते. सोळा वर्षांनंतरचा पंचवीस हजारांचा किराणा आजच्याएवढा नसेल. म्हणून चोपन्नवर न थांबता मी पंचाहत्तर लाख म्हणेन. मुदत सतरा-अठरा वर्षांची पुरे. पंचाऐंशी-नव्याण्णव वयापर्यंतच्या पॉलिसी विकतात, पण तोवर मुले स्वतःच आजोबा-आजी होण्याच्या वयाची झालेली असतील. उगाच हप्ता वाढवू नये. तंबाखू न खाणाऱ्या निरोगी माणसाला या वयात साधारण हजार-दीड हजार महिन्याच्या आसपास खर्च येतो. प्लॉटच्या पंधरा हजारांतून तेवढे काढता येतात.

एक अडचण येईल. एवढ्या रकमेसाठी कंपनी उत्पन्नाचा पुरावा मागते आणि रोखीत चालणाऱ्या गॅरेजकडे तो नसतो. आयकर रिटर्न भरलेले नसेल तर कमी रकमेवर भागवावे लागते. यंदापासून रिटर्न भरायला लागा. कर बसो न बसो, तो कागद इथे उपयोगी पडतो.

प्रपोजल फॉर्म एजंटला भरू देऊ नका, दिलाच तर सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचा. "कोणत्याही स्वरूपात तंबाखू" या प्रश्नात गुटखा येतो आणि बायकांची मिश्रीही येते. खरे लिहिले तर हप्ता वाढतो, खोटे लिहिले तर क्लेम अडतो. पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाल्यावर कंपनीला ती कुठल्याही कारणाने आव्हानित करता येत नाही, असे विमा कायद्याचे कलम 45 सांगते. पण मृत्यू त्या तीन वर्षांत झाला तर दवाखान्याचे जुने कागद काढले जातात.

आजारपणाचा विमा वेगळा घ्यायचा. त्यात सगळ्यांत फसवणारी ओळ खोलीभाड्याची. समजा पाच लाखांची पॉलिसी आहे आणि खोलीभाडे रोज विम्याच्या एक टक्का, म्हणजे पाच हजारांपर्यंत मान्य आहे. आपण आठ हजारांची खोली घेतली, पाच दिवस राहिलो. बिल आले दोन लाख चाळीस हजार: खोली चाळीस हजार, औषधे आणि तपासण्या ऐंशी हजार, डॉक्टर, ऑपरेशन थिएटर आणि नर्सिंग मिळून एक लाख वीस हजार. आपल्याला वाटते, खोलीतले फरकाचे पंधरा हजारच भरायचे. तसे होत नाही. खोली महाग घेतली म्हणून डॉक्टर-थिएटरचा खर्चही त्याच प्रमाणात, आठास पाच, असा कापतात. एक लाख वीस हजारांचे पंचाहत्तर हजार होतात. औषधे-तपासण्यांना ही कपात लागत नाही. एकूण मिळतात एक लाख ऐंशी हजार, आणि खिशातून जातात साठ हजार. म्हणून खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी घ्या, नाहीतर मर्यादेतलीच खोली मागा.

सासूबाईंना त्याच पॉलिसीत घालू नका. कुटुंबाच्या एकत्र पॉलिसीचा हप्ता सर्वांत मोठ्या वयाच्या माणसावरून ठरतो. त्यांची वेगळी घ्या, बीपी-शुगर लिहून द्या. आधीच्या आजारांसाठी कंपनी जास्तीत जास्त 36 महिने थांबवू शकते, म्हणून हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही. तोवर महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. यादीतल्या रुग्णालयात, ठरलेल्या उपचारांवर कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत मदत मिळते. मिरज-सांगलीत कोणती रुग्णालये यादीत आहेत ते आत्ताच विचारून ठेवा, दाखल करण्याच्या रात्री ते सुचत नाही.

राहिला नॉमिनीचा रकाना. बहुतेक जण बीवीचे नाव लिहून मोकळे होतात. 2015 च्या दुरुस्तीनंतर बीवी, मुले किंवा आईवडील नॉमिनी असतील तर कायद्याने रक्कम त्यांच्याच हक्काची होते, ते नुसते सांभाळणारे राहत नाहीत. या घरात वारसा शरीअतप्रमाणे वाटला तर आईचा सहावा आणि बीवीचा आठवा हिस्सा येतो, बाकीचे मुलांचे, मुलाला मुलीच्या दुप्पट. एकट्या बीवीचे नाव लिहिले तर कायद्यासमोर सासूबाईंकडे मागायला काही उरत नाही. विम्याची रक्कम तरक्यात धरायची की नाही हे मुफ्तीसाहेबांना त्याच भेटीत विचारा. फॉर्ममध्ये एकाहून अधिक नॉमिनी टक्केवारीसह लिहिता येतात, आणि मुले अठराखालील असल्याने त्यांच्या नावापुढे रक्कम स्वीकारणाऱ्या मोठ्या माणसाचे नावही द्यावे लागते.