फाईल घेऊन नव्याने का फिरावे?

जळगावचे १५ तालुके आणि धुळ्याचे ४. पवित्र पोर्टलवरून निवडलेला शिक्षणसेवक यांतल्या कोणत्याही जिल्हा परिषद शाळेत रुजू झाला, तरी त्याच्यामागची कार्यालयीन कामे तीच असतात. ती कोणाला केंद्रप्रमुखांकडून कळतात, कोणाला आधी लागलेल्या मित्राकडून, तर कोणाला पहिले मानधन अडकल्यावर. दोन्ही जिल्हा परिषदांनी या कामांचा एकच साचा करावा आणि प्रत्येक रुजू अहवालाबरोबर त्याची नवी प्रत उघडावी, ही मागणी आहे.

१. 'आवश्यक कागदपत्रे' ही यादी पुरेशी नाही. नव्या माणसाने काय आणायचे ते ती सांगते, कार्यालयाने काय करायचे ते सांगत नाही. साच्यातल्या प्रत्येक ओळीला चार रकाने हवेत: काम, कोणाचे, मुदत, पुरावा. 'कोणाचे' या रकान्यात नाव नको, पदनाम हवे. कनिष्ठ सहायकाची बदली झाली की त्याच्या नावावरची कामे तशीच पडून राहतात. पदावरची कामे नव्या माणसाकडे जातात, निदान कोणाला विचारायचे ते तरी कळते.

२. मुदत तारखेने लिहायची नाही, रुजू दिनांकापासून किती कामाचे दिवस तेवढे लिहायचे. म्हणजे तोच साचा जूनमध्येही चालतो आणि जानेवारीतही. साध्या स्प्रेडशीटमध्ये हे होते. B2 मध्ये रुजू दिनांक, D रकान्यात दिवस, आणि 'सुट्ट्या' या पानावर जाहीर सुट्ट्यांची यादी असली की पुरे:

```
=WORKDAY.INTL($B$2,D5,11,'सुट्ट्या'!$A$2:$A$40)
```

यातला ११ म्हणजे फक्त रविवारी सुट्टी. चूक नेमकी इथे होते. सरकारी कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, शाळा मात्र शनिवारीही भरते. समजा शिरपूर तालुक्यातल्या शाळेत एक शिक्षणसेविका गुरुवारी, १८ जून २०२६ रोजी रुजू झाली. तीन दिवसांची मुदत मुख्याध्यापकांच्या कामासाठी सोमवारी, २२ तारखेला संपते. पंचायत समितीच्या टेबलासाठी ११ च्या जागी १ लिहिले, की तीच मुदत मंगळवारी, २३ तारखेला संपते. सगळ्यांना एकच आकडा लावला तर एखादे टेबल सुट्टीच्या दिवशीच 'उशिरा' ठरते, आणि मग त्या लाल रंगाकडे कोणी पाहत नाही.

३. दुसऱ्याच्या हातात असलेले काम दोन ओळींत तोडावे. 'चारित्र्य पडताळणी' अशी एकच ओळ ठेवली तर ती महिनोन्महिने उघडी राहते आणि अडले कुठे ते दिसत नाही. 'पोलिसांकडे पत्र पाठवले' ही आपली ओळ, तिला मुदत आणि जावक क्रमांक हवा. 'अहवाल आला' ही वाट पाहण्याची ओळ, तिला फक्त आठवणीची तारीख. जात वैधता प्रमाणपत्र प्रलंबित असेल तिथेही हेच.

४. काही ओळींची किंमत पुढे कळते. सेवापुस्तकात जन्मतारखेची नोंद होईल तेव्हा ती शाळा सोडल्याच्या दाखल्याशी ताडून कर्मचाऱ्याची सही घ्यावी. महाराष्ट्र नागरी सेवा (सेवेच्या सर्वसाधारण शर्ती) नियम, १९८१ प्रमाणे सेवेत आल्यापासून पाच वर्षांनंतर या नोंदीत बदलाचा अर्ज सहसा विचारात घेतला जात नाही. रुजू अहवालावर मध्यान्हपूर्व की मध्यान्होत्तर, हेही त्याच दिवशी लिहून घ्यावे. सहा महिन्यांनी ते कोणालाच आठवत नाही.

५. शिक्षणसेवक दोनदा रुजू होतो म्हटले तरी चालेल. पहिली तीन वर्षे मानधनाची. त्यानंतर नियमित वेतनश्रेणी, आणि तेव्हा वेतननिश्चिती, निवृत्तिवेतन योजनेचे खाते, नामनिर्देशन ही कामे उभी राहतात. ती पहिल्याच प्रतीत कोंबली तर तीन वर्षे उघड्या ओळींची गर्दी होते. म्हणून दुसरा साचा, त्याचा शून्य दिवस नियमित आदेशाचा. पहिल्या साच्यात एकच ओळ ठेवावी: तीन वर्षे पूर्ण होण्याआधी दोन महिने प्रस्ताव मागवणे.

६. नुसती बरोबरची खूण म्हणजे काम झाले असे नाही. २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ आयडीचे प्रकरण उघड झाले. आयडी तयार असणे आणि त्यामागचा आदेश खरा असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पुराव्याच्या रकान्यात आदेशाचा क्रमांक व दिनांक असल्याशिवाय ओळ बंद होऊ नये, आणि आदेश काढणाऱ्यानेच ती बंद करू नये. अर्थात, वरपासून खालपर्यंत सगळेच सामील असतील तर कोणताही साचा ते रोखणार नाही.

७. नवा शासन निर्णय आला की बदल मूळ साच्यात करावा. चालू प्रतींना हात लावायचा तर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी तसे लेखी सांगावे, नाहीतर जूनमध्ये लागलेल्याची यादी ऑगस्टमध्ये कोणी बदलली याचा पत्ता लागत नाही. सुरुवात शिरपूर आणि चोपडा या शेजारच्या दोन तालुक्यांत करावी. एका भरतीनंतर दोनच गोष्टी मोजाव्यात: पहिले मानधन किती दिवसांत जमा झाले, आणि सर्वांत जास्त दिवस उघडी राहिलेली ओळ कोणत्या टेबलाची होती.