"झोप नाही आली तरी पडून राहा" हा सल्ला आता बंद करा

"झोप नाही आली तरी पडून राहा, तेवढाच अंगाला आराम." घरची मंडळी हे सांगतात आणि आम्ही डॉक्टरही गोळी लिहून देताना तेच सांगतो. एखाद्या रात्रीपुरतं ठीक आहे. पण तीन महिन्यांहून जुन्या निद्रानाशात हाच सल्ला आजाराला खतपाणी घालतो. जागं पडून राहिलं की झोप विरळ होते आणि अंथरूण म्हणजे तळमळण्याची जागा, हे मेंदूला पक्कं ठाऊक होतं.

अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ साली जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून गोळी नव्हे, सीबीटी-आय ही वर्तनोपचाराची पद्धत सुचवली. तिचा कणा म्हणजे अंथरुणातला वेळ कमी करणं.

एक उदाहरण घेऊ. एक बाई रात्री ९:३० ला आडव्या होतात आणि ६:३० ला उठतात. दोन आठवड्यांच्या झोपेच्या डायरीत सरासरी झोप निघते साडेपाच तास. अंथरुणात नऊ तास, झोप साडेपाच, म्हणजे झोपेची कार्यक्षमता ६१ टक्के. मग त्यांना अंथरुणात साडेपाच तासच द्यायचे: रात्री १२:३० ते सकाळी ६. उठायची वेळ रविवारीही तीच, दुपारची डुलकी बंद. सरासरी झोप कितीही कमी असली तरी पाच तासांखाली जायचं नाही.

पहिल्या आठवड्यात त्यांची झोप ४ तास ५० मिनिटांवर येते. इथेच घरचे म्हणतात, "बघा, होती तीही झोप गेली!" आणि उपचार सुटतो. पण डायरी नीट वाचा. कार्यक्षमता ८८ टक्के झाली आहे, म्हणजे तुटक झोप सलग होऊ लागली आहे. साप्ताहिक सरासरी ८५ च्या वर गेली की १५ मिनिटं वाढवायची, म्हणजे आता १२:१५ ला झोपायचं. ८० ते ८५ असेल तर तीच वेळ ठेवायची, ८० च्या खाली असेल तर १५ मिनिटं कमी करायची. एका वाईट रात्रीवरून काहीच बदलायचं नाही.

डायरी सकाळी उठल्यावर अंदाजाने भरायची. रात्री घड्याळ पाहून नोंदी करणं म्हणजे जागरणाला आमंत्रणच.

सुरुवातीचे दोन-तीन आठवडे दिवसा पेंग येते, म्हणून वाहन चालवणं टाळा. अपस्मार, बायपोलर आजार, झोपेत चालण्याची सवय, किंवा घोरताना श्वास अडकणं, यांपैकी काही असेल तर हा प्रयोग स्वतःहून करू नका. चालू असलेली झोपेची गोळीही एकदम थांबवू नका.

बाकीच्यांनी मात्र लवकर आडवं होणं आजपासून सोडा. आणि माझ्या डॉक्टर मित्रांनो, गोळी लिहिण्याआधी दोन आठवड्यांची डायरी तरी मागा!