विश्लेषण : गिरणगाव बदलले, मग फेरीवाला 'अतिक्रमण' कसा झाला?

मुंबईत फेरीवाल्यांची चर्चा बहुधा पदपथ मोकळे करण्याच्या कारवाईपासून सुरू होते आणि तिथेच संपते. लोअर परळ ते प्रभादेवी या एका पट्ट्यात गेल्या चार दशकांत जे घडले, ते पाहिले तर प्रश्न वेगळा दिसतो. जागेची किंमत वाढली की घरमालक भाडे वाढवतो आणि भाडेकरू जातो. फेरीवाल्याकडे ना मालकी असते, ना भाडेकरार. मग तो नेमका कशाने जातो?

जेंट्रिफिकेशन म्हणजे काय?

समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी १९६४ मध्ये लंडनमधील कामगार वस्त्यांविषयी लिहिताना हा शब्द वापरला. मध्यमवर्ग अशा वस्तीत राहायला येतो, घरांच्या किमती चढतात आणि मूळचे रहिवासी हळूहळू बाहेर ढकलले जातात, अशी ती प्रक्रिया. पुढे भूगोल अभ्यासक नील स्मिथ यांनी १९७९ मध्ये तिचे आर्थिक कारण मांडले. जमिनीतून आज मिळणारे भाडे आणि तीच जमीन दुसऱ्या कामी लावल्यास मिळू शकणारे भाडे यांतली दरी वाढत गेली, की भांडवल तिकडे वळते.

गिरणगावात ही दरी डोळ्यांना दिसत होती. शहराच्या मध्यभागी सुमारे ६०० एकर गिरण्यांची जमीन होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर अनेक गिरण्या पूर्ववत चालल्याच नाहीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ नुसार या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे व्हायचे होते : एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटे फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरते उरले. सार्वजनिक वाटा आक्रसला आणि गिरण्यांच्या आवारात मॉल, कार्यालये व उत्तुंग मनोरे उभे राहिले.

यात फेरीवाला कुठून आला?

तो आधीपासूनच तिथे होता. गिरणीच्या पाळ्या सुटण्याच्या वेळेला दारात चहा, भजी, भाजी, फळे विकणारे उभे असत. संपानंतर त्यांत भर पडली. फेरीवाल्यांच्या राष्ट्रीय महासंघाने केलेल्या अभ्यासात मुंबई आणि अहमदाबादमधील सुमारे ३० टक्के फेरीवाले पूर्वी संघटित क्षेत्रात अधिक चांगल्या पगाराच्या नोकरीत होते, असे आढळले. म्हणजे ज्या बदलाने गिरणी बंद झाली, त्याच बदलाने अनेकांना पदपथावर आणले.

नवी कार्यालये आल्यावर गिऱ्हाईकही आले. टॉवरच्या तळमजल्यावरील कॅफे सुरक्षारक्षकाला, सफाई कामगाराला किंवा नव्याने नोकरीला लागलेल्या कारकुनाला परवडत नाही. त्यांचे दुपारचे जेवण रस्त्यावरच होते. त्यामुळे परिसर महाग झाल्याने फेरीवाल्याचा धंदा बुडाला, हे खरे नाही. धंदा वाढला, पण त्याच्या पायाखालची जागा असुरक्षित झाली. दिवसा येणाऱ्या गर्दीला तो हवा असतो. मात्र तक्रार नोंदवणारा, सुनावणीला जाणारा आणि नगरसेवकाला गाठणारा आवाज प्रामुख्याने तिथे कायम राहणाऱ्या वर्गाचा असतो.

२०१७ मध्ये काय घडले?

२९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी परळ आणि एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) ही स्थानके जोडणाऱ्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली. २३ जणांचा जीव गेला. अचानक आलेल्या पावसामुळे लोक पुलावरच थांबले होते आणि मागून लोकलची गर्दी येतच होती. गिरण्यांच्या जागी कार्यालये आली, प्रवासी कितीतरी वाढले, पण पूल आणि जिना तेवढाच अरुंद राहिला होता. नवा पूल पुढे लष्कराने काही महिन्यांत बांधून दिला. क्षमतेचा प्रश्न सोडवता येण्याजोगा होता, हेच त्यातून दिसले.

दुर्घटनेनंतर रोष मात्र फेरीवाल्यांवर वळला. मनसेने आंदोलन केले. १ नोव्हेंबर २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या आदेशातील अटींच्या आधारे रेल्वे स्थानके आणि मंडयांपासून १५० मीटर, तर शाळा आणि प्रार्थनास्थळांपासून १०० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई असल्याचे स्पष्ट केले. जिन्याच्या तोंडाशी टोपल्या मांडलेल्या असतील तर त्या हटवल्याच पाहिजेत, यात दुमत नाही. प्रश्न १५० मीटरचा आहे.

दीडशे मीटरने काय बिघडते?

१५० मीटर हे माणसाला चालायला दोन मिनिटांचे अंतर. पण त्या त्रिज्येचे वर्तुळ काढले तर क्षेत्रफळ सुमारे सात हेक्टर भरते. १०० मीटरचे वर्तुळ तीन हेक्टरांहून थोडे मोठे होते. परळसारख्या दाट वस्तीत स्थानक, मंडई, शाळा आणि देऊळ एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असतात. नकाशावर ही वर्तुळे काढली की ती एकमेकांत मिसळतात आणि उरतात ते आतले रस्ते, जिथे माणसे फिरकत नाहीत.

एक कल्पित हिशेब करू. स्थानकाबाहेरच्या एका कोपऱ्यावरून सकाळच्या तीन तासांत २० हजार लोक जातात आणि त्यांतला शंभरात एक जण वडापावच्या गाडीशी थांबतो असे धरले, तर २०० गिऱ्हाइके होतात. तीच गाडी आतल्या गल्लीत नेली, जिथून दोन हजार लोक जातात. तिथे शंभरात दोन थांबले, म्हणजे प्रमाण दुप्पट झाले, तरी गिऱ्हाइके ४० होतात. एका वडापावमागे पाच रुपये सुटत असतील तर सकाळची कमाई हजारावरून २०० रुपयांवर येते. कागदावर याला पुनर्वसन म्हणतात. व्यवहारात काही दिवसांत तो विक्रेता जुन्या कोपऱ्यावर परत येतो. महापालिकेची गाडी आली की पळतो, माल जप्त होतो, पुन्हा येतो. कारवाईनंतर तोच कोपरा महिनाभरात भरलेला दिसला, तर माणसे मुजोर आहेत या निष्कर्षाआधी पर्यायी जागेवरून किती माणसे जातात ते मोजायला हवे.

कायदा काय सांगतो?

१ मे २०१४ पासून लागू झालेला पथविक्रेता कायदा याच अनुभवातून आला. सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही हटवू नये, असे तो सांगतो. जिथे विक्रेते आणि गिऱ्हाइके आपसूक जमतात, त्या जागेला कायदा 'नैसर्गिक बाजार' म्हणतो आणि सर्वेक्षणात नोंदलेला असा बाजार 'ना-फेरीवाला क्षेत्र' ठरवता येत नाही. केवळ गर्दी होते, हेही त्यासाठी पुरेसे कारण नाही. हलवायचेच असेल तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. जप्त केलेला नाशवंत माल त्याच दिवशी परत करावा लागतो. सर्वांत जास्त चालणारा नैसर्गिक बाजार मुंबईत स्थानकाबाहेरच असतो, म्हणजे कायद्याची कल्पना आणि अंतराची अट यांची टक्कर नेमकी तिथेच होते.

मग अंमलबजावणी कुठे अडली?

मोजणीतच. महापालिकेने २०१४ मध्ये सर्वेक्षण केले. सुमारे ९९ हजार अर्ज आले. अधिवासासह इतर अटींच्या चाळणीनंतर पथविक्रेता समितीच्या निवडणुकीसाठी मतदार उरले सुमारे ३२ हजार. कायद्यानुसार लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेता येते. २०११ च्या जनगणनेतील बृहन्मुंबईची १ कोटी २४ लाख लोकसंख्या धरली, तर ही मर्यादा तीन लाखांच्या वर जाते. यादीतील संख्या तिच्या जेमतेम दहाव्या हिश्शाची आहे. जो यादीत नाही तो कायद्याच्या संरक्षणाबाहेर, म्हणजे आपोआप अतिक्रमण.

या समितीत किमान ४० टक्के सदस्य निवडून आलेले विक्रेते असावेत आणि त्यांतील एकतृतीयांश महिला असाव्यात, असे कायदा म्हणतो. मुंबईत त्यासाठीचे मतदान २९ ऑगस्ट २०२४ रोजी झाले, म्हणजे कायदा लागू झाल्यावर दहा वर्षांनी. मधल्या काळात जागा ठरवताना विक्रेत्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी खोलीत नव्हतेच. गिरणगावातील विस्थापन बुलडोझरने एका रात्रीत झाले नाही. ते अपुऱ्या यादीने, न बसलेल्या समितीने आणि नकाशावरच्या वर्तुळाने केले.

पादचाऱ्यांचे काय?

पादचाऱ्याचा हक्क तितकाच खरा आहे. चाकाची खुर्ची, बाळाची गाडी, काठी टेकत चालणारी आजी यांना रस्त्यावर उतरावे लागत असेल, तर तो पदपथ निकामीच आहे. पण त्याचे माप त्रिज्येने घेता येत नाही, रुंदीने घ्यावे लागते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चालण्यासाठी किमान १.८ मीटर अखंड मोकळी रुंदी लागते. चार मीटरच्या पदपथावर ती सोडून एक मीटरची गाडी आणि गिऱ्हाइकाला उभे राहण्यापुरती जागा बसते. अडीच मीटरच्या पदपथावर बसत नाही, तिथे ठाम नकार द्यावा. स्थानकाच्या जिन्यापुढची जागा गर्दी मोजून आखावी आणि ती काटेकोरपणे रिकामी ठेवावी. मात्र त्या रेषेपलीकडची जागा प्रवाशाच्या वाटेवरच द्यावी.

यानेही सगळे प्रश्न सुटणार नाहीत. स्थानकाजवळच्या जागा थोड्या आणि विक्रेते जास्त, हे उरणारच. काहींना वेळा वाटून घ्याव्या लागतील, काहींना हलावे लागेल. पण कोण हलेल हे यादी पूर्ण करून, समिती बसवून आणि पदपथ मोजून ठरणे एक, आणि ज्याच्याकडे कागद नाही तोच हलणे दुसरे. गिरणीच्या जमिनीचे वाटे ठरताना सार्वजनिक हिस्सा कसा आक्रसला, ते या शहराने पाहिले आहे. पदपथाचे वाटे ठरताना तरी नियम आधी बनावा आणि गाडी नंतर यावी.