नंबराचा ताळा

आपल्या पेढ्यांवर एक जुनी शिस्त आहे. बेरीज मांडली की तिचा ताळा पाहायचा. ताळा जमल्यावाचून वही मिटायची नाही. ही शिस्त आपण रकमेला लावतो, परंतु मोबाइलच्या दहा अंकांना लावत नाही. त्याची किंमत मी गेल्या वर्षी मोजली, म्हणून हा अनुभव वाचकांपुढे ठेवत आहे.

माझ्या आत्या बेळगावी एकट्या राहतात. जुने सिम बंद पडल्यावर त्यांनी नवा प्रीपेड क्रमांक घेतला. त्याची मुदत संपून आउटगोइंग बंद झाले, तेव्हा शेजारच्या मुलाच्या फोनवरून त्यांनी मला पुण्यात क्रमांक सांगितला. मी तो अॅपमध्ये टिपला, चौऱ्याऐंशी दिवसांचा प्लॅन निवडला, सुमारे नऊशे रुपये भरले. पडद्यावर ‘रिचार्ज यशस्वी’ असे उमटले आणि मी निश्चिंत झालो. दोन दिवसांनी त्याच शेजाऱ्याच्या फोनवरून आत्यांचा आवाज आला, “अरे, काल रात्री मला ताप भरला होता. तुला फोन लावत होते, तर लागेना. रिचार्ज केलास ना?”

रिचार्ज झाले होते. मात्र ते कोणा अनोळखी माणसाच्या क्रमांकावर.

चूक कोठे झाली? आत्यांनी अंक जोडीजोडीने सांगितले होते. त्यांतील एक जोडी ‘सत्तेचाळीस’. आपल्या भाषेत एकक आधी उच्चारला जातो आणि दशक नंतर. कानावर ‘सत्ते’ पडताच माझ्या बोटाने ७ दाबला, मग ‘चाळीस’चा ४. सत्तेचाळीसचे चौऱ्याहत्तर झाले. गुजराती किंवा मारवाडीत अंक सांगणाऱ्या घरांतही हाच धोका आहे, कारण तेथेही एककच आधी येतो. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांचा घोळ तर नित्याचा. वहीतून क्रमांक उतरवताना आणखी एक फसगत होते: घाईत लिहिलेला देवनागरी १ हा इंग्रजी 9 सारखा दिसतो.

आता कोणी विचारील, अॅपने कंपनी आणि सर्कल दाखवले होते, त्यावरून चूक कळली नाही का? नाही कळली, आणि ती कळणारही नव्हती. क्रमांकांच्या मालिका कंपन्यांना सर्कलवार दिल्या जातात आणि कोणती मालिका कोणाची, हे सामान्यतः पहिल्या चार-पाच अंकांवरून ठरते. माझी चूक शेवटच्या सहा अंकांत होती. त्यामुळे तो परका क्रमांकही त्याच कंपनीचा आणि त्याच कर्नाटक सर्कलचा निघाला.

तरीही कंपनी तपासणे आवश्यकच आहे. क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २०११ पासून आहे आणि २०१५ पासून एका सर्कलमधून दुसऱ्या सर्कलमध्येही क्रमांक नेता येतो. म्हणून पहिल्या अंकांवरून किंवा राहत्या गावावरून कंपनी अथवा सर्कल ओळखणे आता भरवशाचे नाही. अॅपचा अंदाजही चुकू शकतो, विशेषतः कंपनी नुकतीच बदललेली असेल तर. सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे त्या कंपनीच्या स्वतःच्या अॅपवर किंवा संकेतस्थळावर क्रमांक टाकून पाहणे. क्रमांक तिचा नसेल तर ती तेथेच नाकारते.

परंतु या दोन चुकांचे वजन सारखे नाही, हे ध्यानात घ्यावे. कंपनी चुकली, तर बहुधा रिचार्ज फसते आणि पैसे परत येतात. अंक चुकला, तर रिचार्ज सफल होते आणि पैसे जातात. बँकेतून किंवा यूपीआयने रक्कम पाठवताना आपल्याला समोर खातेदाराचे नाव दिसते. रिचार्ज करताना क्रमांक कोणाचा आहे, हे कंपनी सांगत नाही. शिवाय आधार क्रमांकाचा शेवटचा अंक हा आधीच्या अंकांचा ताळा असतो, त्यामुळे तो चुकला की यंत्राला कळते. मोबाइल क्रमांकात असा अंकच नाही. म्हणून ताळा आपणच पाहायला हवा.

तो असा. सांगणाऱ्याने जोडी न करता एकेक अंक सांगावा: ‘चार, सात, शून्य...’. ऐकणाऱ्याने तो टिपावा. मग दोघांनी आपापल्या ठिकाणी दोन बेरजा कराव्यात: पहिला, तिसरा, पाचवा अशा विषम स्थानांच्या अंकांची एक, आणि सम स्थानांच्या अंकांची दुसरी. उदाहरणासाठी शेवटचे सहाच अंक घेऊ: ४ ७ ० ९ ६ १. विषम स्थानांची बेरीज ४ + ० + ६ म्हणजे १०. सम स्थानांची ७ + ९ + १ म्हणजे १७. माझ्याकडून उलटे लिहिले गेले ते ७ ४ ० ९ ६ १. त्यांची विषम बेरीज १३ आणि सम बेरीज १४. दोन्ही विसंगत! एकूण बेरीज मात्र दोन्हीकडे २७च येते. म्हणून एकच बेरीज पाहून भागत नाही. एखादा अंक चुकला, तर ज्या स्थानांत तो आहे त्यांची बेरीज ढळते. शेजारचे दोन वेगळे अंक उलटले, तर दोन्ही ढळतात. प्रत्यक्षात दहाही अंक घ्यावेत; अर्ध्या मिनिटाचे काम आहे. मात्र दोन वेगवेगळ्या अंकांच्या चुका एकमेकींना झाकू शकतात, त्यामुळे हा ताळा पूर्ण हमी नव्हे.

म्हणून शेवटची खूण नातलगाच्या फोनवर पाहावी. नवा क्रमांक प्रथमच भरत असाल, तर आधी दहा रुपयांचा टॉप-अप पाठवावा. त्यात कर आणि शुल्क वजा जाता ७ रुपये ४७ पैसे बोलण्याची रक्कम मिळते. प्लॅनची मुदत मात्र वाढत नाही. त्याचा संदेश नातलगाच्याच फोनवर आला, तरच पुढचा मोठा प्लॅन भरावा. आपल्या पडद्यावरचे ‘यशस्वी’ एवढेच सांगते, की पडद्यावर जो क्रमांक आहे त्याला रिचार्ज मिळाले. क्रमांक नातलगाने केलेल्या कॉलवरून साठवून ठेवला, तर टिपण्याचा प्रश्नच उरत नाही. व्हॉट्सअॅपवरचा क्रमांक मात्र पुरावा मानू नये. सिम बदलूनही तेथे जुनाच क्रमांक चालू राहू शकतो.

चूक झालीच, तर व्यवहार क्रमांक घेऊन ज्या अॅपवरून भरले तेथे आणि कंपनीच्या ग्राहक सेवेकडे तत्काळ तक्रार नोंदवावी. पण सफल झालेले रिचार्ज सहसा परत होत नाही. ग्राहक सेवेचा क्रमांक कंपनीच्या स्वतःच्या अॅपमधूनच घ्यावा. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या क्रमांकांमागे ठगही बसलेले असतात. परतावा देतो म्हणून कोणी ओटीपी मागितला, तर फोन ठेवून द्यावा.

माझे नऊशे रुपये परत आले नाहीत. मी दुसरा प्लॅन भरला, तो दोन्ही बेरजा जमल्यावर. नंतर आत्यांनाच फोन करायला सांगितले. त्यांचा कॉल आला, तेव्हा पडद्यावर अंक होते ते मघाशी मी टिपलेलेच. मगच मी वही मिटली.