परदेशी पार्सल परत पाठवताना

परदेशातल्या दुकानातून घरबसल्या वस्तू मागवणं आता सोपं झालंय, पण ती परत पाठवायची वेळ आली की खरा हिशेब सुरू होतो. आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या एका वहिनींनी इंग्लंडहून लोकरी कोट मागवला. किंमत 4,000 रुपये, टपालखर्च 900 आणि पार्सल घेताना कस्टम ड्यूटी 1,500. मागवला होता बारा नंबरचा, आला सोळा नंबरचा!

दुकानदाराने कळवलं, “परत पाठवा, किंमत देऊ.” वहिनी लगेच पार्सल बांधायला निघाल्या. मी म्हटलं, “थांबा हो, आधी परतीचा खर्च कोण देणार ते विचारा.” आपलं मन बदललं किंवा आपणच माप चुकवलं, तर हा खर्च बहुधा आपल्याच माथी येतो. चूक दुकानाची असेल तर तो त्यांच्याकडूनच मागावा, आणि तोही लेखी. पार्सल एकदा हातातून गेलं की आपलं बोलणं कोण ऐकतं?

नोंद घेऊन, विम्यासकट परत पाठवायला 2,200 रुपये पडत होते. म्हणजे हाती येणार 4,000, त्यातले 2,200 टपालात. येतानाचा टपालखर्च आणि ड्यूटी धरली तर 4,600 रुपये गेले आणि कोटही नाही!

ड्यूटी दुकानदार परत करत नाही, कारण ती सरकारजमा होते. सदोष किंवा वेगळाच माल आला तर कस्टम कायद्याच्या कलम 26अ खाली ती परत मागता येते. पण माल सुटल्यापासून साधारण 30 दिवसांत, न वापरता, कस्टम अधिकाऱ्याची खात्री पटेल अशा रीतीने तो परत निर्यात व्हावा लागतो आणि सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. पंधराशेसाठी कागद घेऊन सहार किंवा बॅलार्ड पिअरला खेटे घालणं मला तरी परवडत नाही. वस्तू वीस-पंचवीस हजारांची असेल तर मात्र जरूर विचार करावा. एक सांभाळा, शिंप्याकडे नेऊन एक टाका जरी उसवला, तरी परतीची वाट बंद झाली असं समजा.

म्हणून वहिनींनी कोटाच्या चिठ्ठीवरचा सोळा आकडा आणि मागणीच्या पावतीवरचा बारा, दोन्हींचे फोटो पाठवले. “परतीचा खर्च तुम्ही द्या, नाहीतर कोट इथेच ठेवून किमतीतली काही रक्कम परत करा,” असं स्पष्ट लिहिलं. दुकानालाही परत आलेला कोट सोडवणं कटकटीचंच असतं. त्यांनी 1,600 रुपये कार्डावर परत दिले.

पैसे जमा झाल्यावरच कोट शिंप्याकडे गेला. त्याने 400 घेतले. एकूण खर्च 5,200. परत पाठवण्यापेक्षा 600 रुपयेच जास्त, आणि कोट अंगावर! दुकानाने उत्तरच दिलं नसतं, तर हेच फोटो घेऊन कार्डाच्या बँकेकडे तक्रार करता आली असती. तिथे मुदत असते, तेव्हा महिनेन् महिने दुकानाच्या भरवशावर बसू नका.